दोन टक्के आणि बारा जागा

“कंपनी मालकांची. तिनं कामगारांचं, गावाचं का बघायचं? कायद्यानं नफ्यातले दोन टक्के देतेच ना? मग झालं की!” माझ्या मावसभावाचा हा प्रश्न.

ते दोन टक्के २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५चे. ठरावीक आकाराच्या पुढच्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर ते खर्च करायचे असतात, आणि फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च त्यात धरताच येत नाही. नफा कमावताना कंपनी कशी वागली, हे त्या कलमाचं काम नाही. ते कलम १६६चं. संचालकांनी भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचंही हित जपावं, असं त्यात लिहिलंय. पण ते जपलं नाही, तर कर्मचाऱ्यानं जायचं कुठे? कलम २४५चा सामूहिक दावा भागधारक आणि ठेवीदारच करू शकतात.

इथे जर्मनीत १९७६च्या कायद्यानं दोन हजारांहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या असतात. बारा जागा असल्या तर सहा. संचालक नेमणारं आणि काढणारं मंडळ हेच. मतं समसमान पडली, तर फेरमतदानात अध्यक्षाला दुसरं मत मिळतं, आणि अध्यक्ष बहुधा मालकांच्या बाजूचा असतो.

“म्हणजे शेवटी मालकच!” भाऊ म्हणाला. अर्धं खरं आहे. कामगार समितीवर, म्हणजे पर्यवेक्षक मंडळाहून वेगळ्या अशा कर्मचाऱ्यांच्या समितीवर, निवडून येणारे माझे एक ज्येष्ठ सहकारी सांगतात, “मतदानात हरलो तरी कागद आधी आमच्या हातात येतात.” कपात ठरली, तर कोणाला काढायचं हे साहेबाच्या मर्जीवर राहत नाही. नोकरीची वर्षं, वय, घरी पोसायची माणसं आणि अपंगत्व, हे सगळं तोलावं लागतं. फोक्सवॅगनमध्ये २०२४ साली कारखाने बंद होण्याची वेळ आली होती. डिसेंबरमध्ये तडजोड झाली: २०३०पर्यंत ३५ हजारांहून जास्त नोकऱ्या कमी होतील, पण सक्तीनं कोणाला काढणार नाहीत.

एक मित्र लगेच म्हणाला, “माझ्या शेअरचा भाव पडला, त्याचं काय?” त्याचा तोटाही खराच आहे.

मात्र २०१५ साली याच कंपनीचा धुराच्या चाचणीतला घोटाळा उघड झाला, तेव्हाही मंडळात निम्मे कामगार प्रतिनिधी होते. तो धूर श्वासात घेणाऱ्यांची तिथे एकही जागा नव्हती. ज्याला जागा, त्याचंच हित सांभाळलं जातं, असं मला म्हणूनच वाटतं.

व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग आपल्या राज्यघटनेतही आहे: अनुच्छेद ४३अ, तेही १९७६च्याच घटनादुरुस्तीतून. १९९०मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. तो व्हावा, असं मला मनापासून वाटतं. फक्त त्या जागा कायमस्वरूपी नोकरीतल्या कामगारांनाच मिळाल्या, तर शेजारच्याच मशीनवरच्या कंत्राटी कामगाराचं काय, याचं उत्तर आधी द्यावं लागेल. इथे जर्मनीत तीन महिन्यांहून जास्त काळासाठी आलेल्या कंत्राटी माणसाला कामगार समितीच्या निवडणुकीत मत देता येतं, पण उभं राहता येत नाही.