काकू, एक सांगायचं होतं

काकू, एक सांगायचं होतं. रागावू नका.

नाही, 'रागावू नका' म्हटलं की काकू आधी रागावतात, मग कारण विचारतात. ते गाळतो. दादरहून पहिल्या गाडीच्या मालडब्यात टोपल्यांमध्ये बसून मी ही तालीम करतोय. समोरचा मासळीवाला माझ्याकडे बघून जागा बदलून बसला.

तर काकू, तुम्ही रोज सकाळी साडेसहाला येता आणि विचारता, "मोगरा आजचा ना रे?" मी म्हणतो, "आत्ताच आलाय." हे खोटं नाही. आलाय आत्ताच. फक्त तोडलाय काल.

आता जरा शांतपणे ऐका. मोगऱ्याची कळी पहाटे तोडतात. जव्हार-विक्रमगडकडचे शेतकरी ती टपोरी, पांढरी, मिटलेली असतानाच खुडतात. ती उमलते संध्याकाळी. म्हणजे तुम्ही पिशवी घेऊन निघता, तेव्हा आजचा मोगरा अजून तिकडे झाडावरून निघत असतो. माझ्या पाटीवर उमललेलं जे आहे, ते काल तोडलेलं आणि काल रात्रीच उमललेलं. मी बर्फात ठेवलेली मिटलेली कळी दिली असती, तीही कालचीच. पण तुम्ही म्हणता, "कळ्या देवाला वाहत नाहीत, चाफा आणि कमळ सोडून." शिळी फुलंही वाहत नाहीत. मग सकाळच्या पूजेला ताजा, उमललेला मोगरा आणू कुठून? देवानेच वेळापत्रक असं लावलंय, त्यात माझी काय चूक?

(हे जरा उद्धट होतंय. देवाचं नाव काढू नये. भवानीची वेळ असते.)

बरं, ओळखायचं कसं, तेही सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळं. फूल हिरव्या देठाला धरून उचला. देठ हातात राहिला आणि पांढरं फूल अलगद सुटून खाली पडलं, तर त्याचे दिवस भरले. पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात, वास गोड असतो तो जड होतो. वरच्या पाण्याच्या थेंबांवर जाऊ नका. ते दव नसतं, माझा मग असतो.

हे मगाचं सांगू की नको? नको. एका दिवसात एवढं कबूल केलं तर काकू समोरच्या गाडीवाल्याकडे जातील, आणि तो तर दोन मग ओततो. त्यापेक्षा तुळस घ्या म्हणतो, ती शिळी होत नाही म्हणतात. पण तुळशीच्या जुडीत सुटतात किती?

साडेसहा वाजले. काकू आल्या. मी घसा खाकरला.

"काकू, एक सांगायचं—"

"आधी मोगरा दे. कालचा फार छान होता बघ, घर भरून वास. अगदी कालच्यासारखा हवा."

"कालचाच देतो, काकू!"

"शहाणा आहेस," म्हणाल्या आणि हसत सुटे पैसे मोजू लागल्या.