पहाटे साडेचारची मांजर

वादाला सुरुवात झाली बंड्याच्या मांजरीवरून. ही मनी रोज पहाटे साडेचारला त्याच्या छातीवर येऊन बसते. आधी नुसती टक लावून बघते, मग पंजाने पापणी चाचपते, आणि तरीही तो उठला नाही तर टेबलावरचा चष्मा एकेक इंच सरकवत खाली पाडते. शेवटी बंड्या उठतो, वाटीत खाणं घालतो आणि पुन्हा आडवा होतो. झोप मात्र परत येत नाही.

"एवढं काय त्यात? दार लाव," मन्या म्हणाला. हा स्वतः लॅब्राडॉरला पलंगावर घेऊन झोपतो, हे लक्षात असू द्या.

"लावून बघितलं. दार ओरबाडत तारस्वरात ओरडते. चौथ्या रात्री उघडलं."

इथे स्मिता मध्ये पडली. ती जनावरांची डॉक्टर, त्यामुळे आमच्या ठोकाठोकीत तिचं वजन जास्त. "चौथ्या रात्री उघडलंस म्हणजे तू तिला शिकवलंस, की अर्धा तास ओरडलं तर दार उघडतं. पहिल्याच रात्री उघडलं असतंस तर निदान कमी ओरडायला शिकली असती."

मन्याचं म्हणणं, मांजर निशाचरच, तिला काय शिकवणार? स्मिताने तेही खोडलं. मांजर मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला तरतरीत असते, कारण तिची शिकारीची वेळ ती. म्हणजे पहाटे जाग येणं तिच्या अंगातच आहे. पण बंड्याला उठवणं ही शिकलेली गोष्ट आहे, कारण उठवलं की खाणं मिळतं. तेवढा धागा तोडायचा.

त्यासाठी रात्री झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोरीच्या टोकाला पीस बांधून तिला दमेपर्यंत पळवायचं. शेवटी पीस तिच्या पंजात येऊ द्यायचं आणि लगेच रात्रीचं जेवण द्यायचं. शिकार, पोटभर खाणं, अंग चाटणं, झोप, हा मांजरीचा ठरलेला क्रम आहे. दुसरं म्हणजे वेळ लावून आपोआप खाणं टाकणारं यंत्र आणायचं, ते झोपायच्या खोलीबाहेर ठेवायचं आणि पहिल्यांदा सव्वाचारला लावायचं.

"सव्वाचारला? आणखी लवकर?" बंड्या हबकला.

"ती तुला उठवायच्या आधी खाणं पडलं पाहिजे. म्हणजे ती यंत्रापाशी जाऊन बसेल, तुझ्या छातीवर नाही. तीन-चार दिवस असं शांततेत गेलं की पंधरा मिनिटं पुढे ढकल. पुन्हा तीन-चार दिवस, पुन्हा पंधरा. मध्येच ती परत तुझ्याकडे आली तर एक पायरी मागे ये."

या काळात तिला अजिबात प्रतिसाद द्यायचा नाही. ओरडायचंही नाही, कारण पहाटे ओरडा मिळणं हीसुद्धा दखलच. सुरुवातीच्या काही रात्री त्रास वाढतो, आणि बहुतेक लोक तिथेच हात टेकतात. एक अपवाद तिने बजावून सांगितला: म्हातारी मांजर अचानक रात्री ओरडायला लागली, भरपूर खाऊनही वाळत चालली, तर आधी रक्त तपासायचं. थायरॉईड वाढलेलं असू शकतं, रक्तदाबही. तिथे शिस्त लावत बसू नये.

मग गाडी मन्यावर वळली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2017 मध्ये एक अभ्यास छापला होता. खोलीत कुत्रा घेऊन झोपणारी 40 निरोगी माणसं घेतली आणि माणूस व कुत्रा दोघांच्याही हालचाली सात रात्री मोजल्या. अंथरुणात काढलेल्या वेळापैकी प्रत्यक्ष झोप किती? कुत्रा खोलीत पण पलंगावर नसताना साधारण 83 टक्के, पलंगावर असताना 80.

"तीनच टक्के!" मन्या खूश झाला.

"आठ तासांतली चौदा-पंधरा मिनिटं, रोज," बंड्याने हिशेब केला. शिवाय ती माणसं झोपेची तक्रार नसलेली होती. ज्याची झोप आधीच सावध आहे किंवा ज्याला केसांची अ‍ॅलर्जी आहे, त्याला हा आकडा लागू धरता येत नाही. माझ्या मते मन्याची सोय यात आहेच: कुत्रा खोलीत राहू दे, फक्त हात पोचेल अशी त्याची गादी खाली टाक. वर चढला की न बोलता खाली आणायचं, गादीवर टिकला की शाबासकी द्यायची. "रविवारी चालेल" अशी सूट दिली की सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.

मन्या गप्प. बंड्याची अडचण वेगळीच. "यंत्र मनीला शिकवेल, पण आमच्या नानांचं काय? ते साडेपाचला उठतात आणि पहिलं काम तिची वाटी भरणं."

"मग चांगलंच आहे की," स्मिता म्हणाली. "यंत्राची वेळ त्यापुढे ढकलूच नकोस. साडेपाचला पोचलास की यंत्र बंद, पुढे नाना. फक्त नानांना सांग, स्वतःच्या वेळेलाच उठा, ती बोलावते म्हणून नाही."

"ते तूच सांग," बंड्या म्हणाला.