तीन टिंबांत मावेल तेवढं

मुलाखत घेणं सोपं असतं. माणूस बोलतो, फोन रेकॉर्ड करतो, आपण मान डोलावतो. खरा ताप सुरू होतो नंतर, कानात हेडफोन घालून ती उतरवून घेताना. समोरचा माणूस वाक्यांत बोललाच नव्हता, हे तेव्हा कळतं. ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’, ‘ते हे’, ‘बरं का’ यांना धरून धरून तो पुढे सरकत होता, मध्येच मागे फिरत होता, आणि आपण मात्र छान मुलाखत झाली म्हणून चहा पिऊन घरी आलो. आता हे छापायचं कसं? काळजी नको. शब्द त्याचे, अवतरणचिन्हं तुमची, अर्थही तुमचा, अशी सोय करता येते.

एक उदाहरण घेऊ. समजा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका शाखा अभियंत्याला तुम्ही विचारलंत, की त्या वर्षी रब्बीसाठी कालव्याच्या पाण्याचं दुसरं आवर्तन का फसलं. ते म्हणाले:

“हां, म्हणजे बघा, पाणी सोडलं नाही असं नाही. सोडलं. पण म्हणजे, मला वाटतं, उशिरा सोडलं आम्ही. म्हणजे आम्ही म्हणजे... वरून आदेश यायला लागतो ना. तो आला बहुतेक पाच तारखेला. तोवर ज्वारी, काय म्हणतात, गेली होती. सगळी नाही. टेलची.”

आता सफाईला लागा. आधी भरताड शब्द काढा. ‘हां’ गेला, ‘बघा’ गेला, ‘म्हणजे’ सगळे गेले. ‘काय म्हणतात’ तर जायलाच हवं. इथवर तुम्हाला कोणी बोल लावणार नाही. हे शब्द म्हणजे बोलताना घेतलेला श्वास. ते गाळले तरी सांगणं तेच राहतं, आणि त्यासाठी टिंबंही द्यावी लागत नाहीत. पण हात चालतोच आहे तर थांबायचं कशाला? ‘मला वाटतं’ हेही भरताडच की. ‘बहुतेक’ तसंच. ‘सगळी नाही, टेलची’ हे तर मागाहून चिकटवलेलं शेपूट. आणि ‘म्हणजे आम्ही म्हणजे’ हे सरळ सरळ अडखळणं आहे; अडखळणं छापून म्हाताऱ्या माणसाची शोभा कशाला करायची? तर उरलं काय, पाहा:

“उशिरा सोडलं आम्ही... तोवर ज्वारी गेली होती.”

यातला एकही शब्द तुम्ही घातलेला नाही. कोणी शंका काढली तर रेकॉर्डिंग ऐकवा, प्रत्येक शब्द तिथे सापडेल. त्यांची खात्री नव्हती, ती आता झाली. दोष वरच्या आदेशाचा होता, तो ‘आम्ही’वर आला. कालव्याच्या शेवटच्या टोकाची ज्वारी गेली होती, आता सगळ्या लाभक्षेत्राची गेली. तीन बदल, आणि खर्च फक्त तीन टिंबांचा.

काही भित्रे उपसंपादक मात्र याच मजकुरावर अर्धा तास घालवतात. गाळायचा प्रत्येक तुकडा ते कानाला लावून बघतात. हा शब्द गेला तर बोलणारा आहे त्याहून जास्त ठाम वाटतो का? जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे सरकते का? ‘काही’चं ‘सगळं’ होतं का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तरच शब्द जातो. त्यामुळे ‘काय म्हणतात’ जातं आणि ‘मला वाटतं’ राहतं, कारण पहिलं म्हणजे शब्द सापडेपर्यंत घेतलेला वेळ आणि दुसरं म्हणजे साक्षीची मर्यादा. वरच्या अडखळण्यात तर, त्यांच्या मते, माणूस स्वतःची चूक दुरुस्त करत असतो. ‘आम्ही’ तोंडातून गेलं, लक्षात आलं, त्याने ते मागे घेतलं. दुरुस्ती गाळून चूक तेवढी ठेवायची नाही, असा त्यांचा हट्ट. म्हणून ते असं काहीतरी छापतात:

“पाणी सोडलं नाही असं नाही. सोडलं. पण मला वाटतं, उशिरा सोडलं आम्ही. आम्ही म्हणजे... वरून आदेश यायला लागतो ना. तो आला बहुतेक पाच तारखेला. तोवर ज्वारी गेली होती. सगळी नाही. टेलची [कालव्याच्या शेवटच्या टोकाची].”

याचा मथळा कसा करणार, सांगा?

टिंबांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण या धंद्यात त्यांच्याइतकं गुणी चिन्ह नाही. आपल्याकडे तीन टिंबांची तीन कामं. बोलणारा थांबला, तीन टिंबं. वाक्य अर्धवट सोडलं, तीन टिंबं. मधला मजकूर संपादकाने उडवला, तरी तीच तीन टिंबं. वाचकाला वाटतं, माणूस गहिवरून थांबला असेल. प्रत्यक्षात तिथे दोन मिनिटांचं बोलणं आणि एक ‘पण’ पुरलेला असतो. हा गोंधळ जपून ठेवा. भित्र्यांनी तोही मोडून काढायचा प्रयत्न केला आहे: बोलणाऱ्याचं थांबणं असेल तर नुसती टिंबं, आणि आपण गाळलं असेल तर चौकोनी कंसात टिंबं, [...] अशी. शिवाय दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं ते टिंबांनी जोडत नाहीत. अवतरण बंद करतात, मध्ये ‘नंतर दुसऱ्या एका प्रश्नावर ते म्हणाले’ असं लिहितात आणि पुन्हा अवतरण उघडतात. दहाव्या मिनिटाचं पूर्वार्ध आणि चाळिसाव्या मिनिटाचं उत्तरार्ध एकाच श्वासात आणायची केवढी मोठी सोय त्यांनी घालवली!

आता चौकोनी कंस. याचं मूळ काम कंटाळवाणं आहे. बोलणारा ‘ते’ म्हणाला, आणि ‘ते’ कोण हे आधीच्या बोलण्यातून स्वच्छ असेल, तर तिथे ‘[कार्यकारी अभियंता]’ असं लिहायचं, म्हणजे हा शब्द आपला आहे हे वाचकाला दिसतं. तुम्ही मात्र ‘ते’ कोण हे स्वच्छ नसेल तिथेच कंस वापरा. अभियंता म्हणाले, “वरून आदेश येतो.” तुम्ही लिहा, “[पालकमंत्र्यांकडून] आदेश येतो.” कंस आहे, म्हणजे तुम्ही काहीच लपवलेलं नाही. वर म्हणजे अधीक्षक अभियंता, की कालवा सल्लागार समिती, की आणखी कोणी, हे एक फोन करून विचारता आलं असतं. पण फोनवर तो माणूस खरं सांगायचा, आणि मग बातमी उरायची नाही. त्याहून सोपं हवं असेल तर चौकोनी सोडून साधा कंस वापरा. साध्या कंसातला मजकूर वाचक बोलणाऱ्याच्याच नावावर टाकतो. फोनच्या मराठी कळफलकावर चौकोनी कंस चिन्हांच्या दुसऱ्या पानावर असतो, ही सबब केव्हाही तयार ठेवा.

‘हं’ हा अक्षर दीड, पण मोलाचा. तुम्ही विचारता, “म्हणजे चूक खात्याचीच ना?” ते म्हणतात, “हं... आता काय आहे...” हा ‘हं’ म्हणजे ‘ऐकतोय’ हे समोरच्या कोणालाही समजतं. कागदावर मात्र तो होकार होतो. तेव्हा बेधडक लिहा: चूक खात्याचीच असल्याचे त्यांनी मान्य केले. आणि हे अवतरणचिन्हांबाहेर लिहा. आपली भाषा इथे मोठी उदार आहे. ‘आपण चुकलो, असे त्यांनी सांगितले’ या वाक्यात त्यांचे शब्द कुठे संपतात आणि तुमचे कुठे सुरू होतात, हे शोधून दाखवावं कोणीही. मथळ्यातही दुहेरी अवतरण टाळून एकेरी घ्या. दुहेरी चिन्हांत तोंडचे शब्द जसेच्या तसे असावे लागतात. एकेरी चिन्हं नुसता जोर द्यायलाही चालतात. ‘आम्हीच ज्वारी घालवली’ असं एकेरीत छापलं, की वाचक ते अभियंत्याचं समजतो. आणि अभियंता भांडायला आला, तर तो आमचा सारांश होता.

बोलीचं धोरणही ठरवून ठेवा. मंत्रिमहोदयांचं बोलणं प्रमाण मराठीत आणा, लिंग-वचन दुरुस्त करा, अर्धवट वाक्यं पुरी करा. विचारवंत दिसायला हवेत. त्याच पानावर टेलच्या शेतकऱ्याचं मात्र ‘मंग’, ‘आमी’, ‘न्हाई’ जसंच्या तसं ठेवा, एकही ‘म्हंजी’ गाळू नका. मातीचा गंध येतो. दोघांना एकच नियम लावणारे लोक असतात, पण त्यांच्या पानाला रंगत नसते.

कायद्याची भीती वाटत असेल तर अमेरिकेतला एक खटला पाठ करून ठेवा. जेफ्री मॅसन या मनोविश्लेषकावर जॅनेट माल्कम यांनी 1983 मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये दीर्घ लेख लिहिला. आपण जणू बौद्धिक जिगोलो, म्हणजे बुद्धीचा भाडोत्री प्रियकर होतो, अशा अर्थाचे शब्द त्यात मॅसन यांच्या तोंडी अवतरणचिन्हांत होते. लेखिकेकडे चाळीस तासांहून अधिक ध्वनिफिती होत्या. त्यांत ते शब्द सापडेनात. सापडलं ते एवढंच, की खासगीत आपण बड्या मनोविश्लेषकांना ठेव वाटायचो आणि जाहीरपणे बोजा. मॅसन कोर्टात गेले. 1991 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की बोललेले शब्द जाणूनबुजून बदलले एवढ्यावरून खोटेपणा सिद्ध होत नाही... पुढे तुम्ही टिंबं द्या आणि थांबा. कारण त्या वाक्याचा उरलेला भाग असा, की अर्थात महत्त्वाचा फरक पडला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. व्याकरण सावरण्यापलीकडे केलेला प्रत्येक बदल आपोआप खोटा ठरतो, हे मात्र न्यायालयाने मानलं नाही. 1994 मध्ये ज्यूरीने लेखिकेच्या बाजूने निकाल दिला, हे जोडायला विसरू नका. तोवर दहा वर्षं कोर्टात गेली होती, हे विसरलात तरी चालेल.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हल्ली मुलाखत देणाराही स्वतःचा फोन टेबलावर उलटा ठेवतो. तो फोन चालू असतो. अंक बाजारात गेला, की अभियंत्याचा पुतण्या ते पूर्ण रेकॉर्डिंग गावाच्या ग्रुपवर टाकतो, ‘सगळी नाही, टेलची’सकट. मग खुलासा छापावा लागतो. तो आतल्या पानावर, जाहिरातीखाली, बारीक टायपात छापा: ‘संबंधितांच्या वक्तव्याचा अनवधानाने विपर्यास झाला असल्यास...’ पुढे काय लिहायचं हे सुचेना, तर टिंबं आहेतच.