टोकण यंत्राचा उलटा हिशोब: एका प्रतिक्रियेला उत्तर

*"सर, लेख वाचला, पण पटला नाही. मी वीस वर्षं वर्कशॉप चालवतो. बनवायला जो खर्च येतो त्यावर दहा टक्के लावायचे आणि विकायचं, हाच धंदा. गिऱ्हाईक काय, फुकटही मागेल. तुमचं टार्गेट कॉस्टिंग टोयोटाला शोभतं. आमच्यासारख्यांनी केलं की पत्रा पातळ होतो आणि पोरांचे पगार कापले जातात. आणि स्टीलचा भाव काय आमच्या हातात आहे का?" – एक वाचक, जालना*

नमस्कार दादा,

त्या लेखात मी टार्गेट कॉस्टिंगबद्दल लिहिलं होतं: आधी गिऱ्हाईक देईल ती किंमत ठरवायची, त्यातून नफा बाजूला काढायचा आणि उरेल तेवढ्यात माल बनवायचा. तुमच्या पातळ पत्र्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते खरं आहे आणि माझ्याच हातून झालेलं आहे. तीन वर्षांपूर्वी एका वर्कशॉपच्या सायकल कोळप्याचा हिशोब मी केला होता. परवडणाऱ्या खर्चापेक्षा आमचा खर्च ११ टक्क्यांनी जास्त निघाला. मी काय केलं, तर प्रत्येक भागातून सरसकट ११ टक्के कापायला सांगितलं. कागदावर ते न्यायाचं दिसत होतं. त्यात पास धरणारी पट्टी ५ मिमीची ४ मिमी झाली. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला, काळ्या रानात वाफसा आला, कोळपी चालली आणि आठवड्याभरात पट्ट्या वाकून माल परत यायला लागला. परत आलेल्या प्रत्येक कोळप्याचा रंग मात्र नवाकोरा होता. ज्याच्यावर शेतकऱ्याचं काम अवलंबून होतं त्याला आणि ज्याच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं त्याला, मी एकाच मापाने कात्री लावली होती. चूक तिथे होती.

त्यानंतर मी ही पद्धत नीट शिकलो. यंदा जालन्याजवळच्याच एका वर्कशॉपमध्ये नवं टोकण यंत्र काढताना ती वापरली. मालकांच्या परवानगीने तोच हिशोब मांडतो.

यंत्र साधं आहे. हाताने ढकलायचं चाक, त्याला १२ चोची. चोच मातीत शिरते, उघडते आणि बी सोडते. सोयाबीन, तूर, कपाशी, हरभरा सगळ्याला चालतं. पहिला नमुना तयार झाला तेव्हा बनवण्याचा खर्च ४,३३० रुपये आला. वाहतूक, विक्री आणि वॉरंटीचे २४० धरून तुमच्या पद्धतीने दहा टक्के लावले, दुकानदाराचं कमिशन आणि जीएसटी चढवला, तर दुकानात त्याची किंमत सुमारे ६,४०० रुपये होत होती.

आता गिऱ्हाईक फुकट मागेल हे खरं, पण "किती द्याल?" असं विचारलं तरच. आम्ही ते विचारलं नाही. मागच्या वर्षी टोकणीला किती लागले, एवढंच विचारलं. एकराला पाच बाया, ३०० रुपये रोज, म्हणजे १,५००. चार एकरवाल्याचे ६,००० गेले. यंत्राने तेच काम तीन रोजांत होतं, म्हणजे ९०० रुपये. वाचले ५,१००. आणि बहुतेकांचं म्हणणं एकच होतं, "पहिल्याच पेरणीत निघालं पाहिजे." खालच्या बाजूला दुकानात ४,२०० ला मिळणारं प्लास्टिकचं यंत्र उभं होतंच. मग अंबडच्या एका कृषी सेवा केंद्रात नमुना ठेवला आणि ५०० रुपये इसार घेऊन बुकिंग सुरू केलं. ५,८०० सांगितलं तेव्हा २० जणांतल्या चौघांनी इसार दिला. ५,२५० सांगितलं तेव्हा २३ पैकी १७ जणांनी. तोंडच्या बोलीपेक्षा इसाराचा आकडा मी खरा धरतो.

तर ५,२५० ठरले. आता मागे यायचं. शेतीच्या यंत्रांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ चा ५ टक्के झाला आहे. तो काढला की ५,००० उरतात. दुकानदाराचे १८ टक्के, म्हणजे ९००, गेले की वर्कशॉपच्या हातात ४,१००. त्यातून आधी नफा बाजूला काढायचा, शेवटी उरेल तो नफा असं नाही. आम्ही विक्रीच्या १० टक्के धरला, ४१०. ही हाव नव्हे. स्टील फेब्रुवारीत घ्यावं लागतं, माल विकला जातो मे-जूनमध्ये आणि दुकानदाराचे पैसे पोळ्यापर्यंत येतात. शिवाय स्टीलवर १८ टक्के कर भरून आपण ५ टक्क्यांनी विकतो. वरच्या कराचा परतावा मागता येतो, पण तो येईपर्यंत पैसा अडकून राहतो. या सगळ्याचं व्याज त्या ४१० मधूनच जायचं आहे. वाहतूक, विक्री, वॉरंटीचे २४० वजा केले की राहिले ३,४५०. एवढ्यात यंत्र बनलं पाहिजे. आणि बनत होतं ४,३३० ला. फरक ८८० चा.

सरसकट कापायचा मोह होतो तो इथेच. या वेळी आम्ही १४ शेतकऱ्यांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. त्यात टोकणीची कामं करणाऱ्या पाच बायाही होत्या, कारण यंत्र ढकलणार त्याच. जमिनीवर सहा कागद मांडले: चोच मातीने तुंबू नये, बी सारखं पडावं, यंत्र हलकं असावं, टिकावं, खतही सोबत पडावं, दिसायला चांगलं असावं. प्रत्येकाच्या हातात २० चिंचोके दिले आणि सांगितलं, ज्याला जेवढी किंमत देता तेवढे तिथे ठेवा. सरासरी काढली तर चोच तुंबण्याच्या कागदावर वीसातले ७ पडले. खताच्या कागदावर १. एक मावशी तर खताचा डबा हाताने हलवून म्हणाल्या, "हे कोण ढकलणार दिवसभर? खत आम्ही आधीच टाकतो." आणि तो डबा आम्ही नमुन्याची शान म्हणून बसवला होता.

आता हेच चिंचोके खर्चाशेजारी ठेवा. खताच्या डब्यावर ६२० रुपये, म्हणजे एकूण खर्चाच्या १४ टक्के, लागत होते आणि गिऱ्हाईकाच्या लेखी त्याचं वजन ५ टक्के. चाक आणि चोचींवर १,४८०, म्हणजे ३४ टक्के, आणि त्यांचं वजन ३५. म्हणजे चोचींवर आम्ही जास्त खर्च करत नव्हतो. तिथला पत्रा पातळ करणं म्हणजे गिऱ्हाईक ज्याचे पैसे देतं तेच काढून घेणं.

डबा मूळ यंत्रातून काढला. ज्याला हवा त्याला वेगळा विकत मिळतो, त्यासाठी दोन बोल्टांची जागा ठेवली. तिला २० रुपये लागले, म्हणजे ६०० वाचले. पावडर कोटिंग तीन रंगांऐवजी एका रंगात केलं आणि चोचींचं कोटिंग बंद केलं, कारण मातीत ते दोन दिवसही टिकत नाही. ९० वाचले. हँडलच्या पाइपची गंमत तुम्हाला लगेच कळेल. पाइप ६ मीटरचा येतो. आमचा तुकडा १.३० मीटरचा होता, त्यामुळे चार निघायचे आणि ८० सेंटिमीटर भंगारात जायचा. तुकडा १.१८ चा केला, तर पाच निघतात आणि कटिंगला १० सेंटिमीटर उरतात. पाइपच्या ३२० मधले ६४ वाचले आणि कमी उंचीच्या बायांना हँडल उलट नीट हातात बसायला लागलं.

चोचींवर मात्र आम्ही ६० रुपये जास्त घातले. स्प्रिंग जाड घेतली आणि चोचीचं तोंड थोडं रुंद केलं, म्हणजे चिकट माती अडकत नाही. जोडणी बदलली. आधी प्रत्येक चोचीची पट्टी वेगळी कापून वेल्डिंग करायचो. आता वाळूजला लेझर कटिंगलाच पट्टीला खाच पाडून घेतो, ती बसते आणि दोनच टाके लागतात. वेल्डिंगची ३८ मिनिटं २१ वर आली. यातून १३० वाचले, ६० गेले, निव्वळ ७०. पोरांचा रोज एक रुपयाने कमी केलेला नाही. एका यंत्राला त्यांचा वेळ कमी लागतो.

बेरीज करा: ८२४. म्हणजे ५६ रुपये अजून कमी पडतात.

या ५६ रुपयांवर आमची सगळ्यात जास्त चर्चा झाली, आणि या पद्धतीत स्वतःला फसवायची खरी जागा हीच आहे. बियाण्याचा रोलर आम्ही लेथवर करतो. तो साच्यातून प्लास्टिकचा केला तर बराच स्वस्त पडतो, पण साचाच ९०,००० चा. ६०० नगांवर वाटला तर यंत्रामागे १५० बसतात, २,००० नगांवर वाटला तर ४५. कागदावर २,००० लिहिलं की आकडा जुळतो आणि सगळे खूश. पण बुकिंगवरून यंदा ६०० च्या वर जाणार नाही हे दिसत होतं. म्हणून साचा केला नाही. जपानमध्ये ही पद्धत वाढली, तिथे कडक नियम आहे: ठरलेल्या खर्चात बसत नसेल तर माल बाजारात आणायचा नाही. आम्ही तेवढे कडक राहिलो नाही. ४१० चा नफा पहिल्या हंगामापुरता ३५४ धरला आणि हे ५६ रुपये पुढच्या हंगामाआधी रोलरमधूनच काढायचे, असं लिहून भिंतीवर लावलं. किंमत वाढवली नाही.

टोयोटाने हे १९६० च्या दशकात सुरू केलं, ते त्याला 'गेन्का किकाकू' म्हणतात. पण तिथे डिझाइनवाला, खरेदीवाला आणि हिशोबवाला वेगवेगळ्या खात्यांत बसतात, त्यांना एका टेबलाशी आणायला मोठी यंत्रणा लागते. तुमच्याकडे ते तिघं म्हणजे तुम्ही एकटेच आहात. अट एकच, हे सगळं साचा आणि जिग बनण्याआधी करायचं. हँडलचा जिग एकदा १.३० वर बांधला असता, तर ते ६४ रुपये आम्हाला महागात पडले असते.

राहिला स्टीलचा भाव. तो हातात नाही. आमच्या यंत्रात ११ किलो स्टील आहे. किलोला ६ रुपये वाढले तर यंत्रामागे ६६. हिशोब कोणत्या भावाने केला ते वर लिहून ठेवतो आणि भाव ६ च्या पुढे सरकला की पुन्हा बसतो. पण ६६ कुठे आणि खताच्या डब्याचे ६२० कुठे, तेही बघा. भावाची चिंता आपण रोज करतो आणि नको असलेला डबा वर्षानुवर्षं बसवत राहतो.

एका ठिकाणी मात्र तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. जालन्यातल्या रोलिंग मिलवाल्याला ही पद्धत फारशी कामाची नाही. सळई कशी असावी हे मानकाने ठरवलेलं, खर्चाचा मोठा भाग कच्चा माल आणि वीज, आणि भाव बाजार ठरवतो. काढता येईल असा डबाच तिथे नाही.

तुम्ही काय बनवता ते प्रतिक्रियेत लिहिलं नाहीत. त्यात भाग किती आणि दुकानातली किंमत किती, एवढं कळवलंत तर तुमच्या मालावरच हा हिशोब पुढच्या वेळी करून दाखवतो.