साहेबांसाठी महिन्याचा डॅशबोर्ड : तीन आकडे पुरेत

कारखान्याच्या आयटी विभागाने मालकांना दरमहा पाठवायच्या डॅशबोर्डवर तीनपेक्षा जास्त आकडे असू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व्हरचा सीपीयू किती वापरला गेला, अँटिव्हायरसने किती फाइली अडवल्या, हे आपल्याला माहीत असायलाच हवे; पण ते वाचून साहेबांनी नेमके काय करायचे?

‘सर्व्हर ९९.९ टक्के वेळ चालू होता’ हे वाक्य दिसायला भारदस्त असले, तरी त्यातून फारसे काही कळत नाही. तीस दिवसांच्या महिन्यात उरलेला ०.१ टक्का म्हणजे सुमारे ४३ मिनिटे. ही मिनिटे रविवारी पहाटे गेली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तीच महिनाअखेरीच्या संध्याकाळी गेली तर इन्व्हॉइस निघत नाही, ई-वे बिल तयार होत नाही आणि भरलेले ट्रक गेटवर खोळंबतात. म्हणून पहिला आकडा ‘आपल्या यंत्रणेमुळे डिस्पॅच किती मिनिटे थांबले’ हा असावा. मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आयता मिळत नाही. बंद पडल्याच्या नोंदी डिस्पॅच विभागाच्या वेळांशी ताडून तो हाताने काढावा लागतो, आणि बहुधा म्हणूनच तो कोणी देत नाही.

दुसरा आकडा तक्रारींचा, आणि इथे सरासरी हमखास दगा देते. समजा, एका महिन्यात एकेका तासात सुटणाऱ्या ३० आणि ४१ तास खाणाऱ्या १० तक्रारी बंद झाल्या, तर सरासरी ११ तास येते. पुढच्या महिन्यात सोप्या ३० सुटल्या, पण अवघड दोनच सुटून आठ पडून राहिल्या, तर सरासरी थेट साडेतीन तासांवर उतरते. काम रखडले आणि आलेख मात्र सुधारला! त्याऐवजी महिन्याच्या शेवटच्या दिवशी सात दिवसांहून जुन्या किती तक्रारी उघड्या आहेत, एवढेच सांगावे.

तिसरा आकडा बॅकअपचा. ‘बॅकअप यशस्वी’ या हिरव्या खुणेचा अर्थ प्रत लिहिली गेली एवढाच असतो. ती परत उघडेल याची हमी त्यात नसते. त्यामुळे बॅकअपमधून अकाउंट्सचा डेटा प्रत्यक्ष उतरवून पाहिल्याची शेवटची तारीख आणि त्याला लागलेले तास द्यावेत.

प्रत्येक आकड्यासोबत मागील बारा महिन्यांची साधी रेषा हवी. फक्त मागच्या महिन्याशी तुलना केली, की नेहमीच्या चढउतारांचीही कारणे शोधत बसावे लागते. लाल-हिरव्या रंगांबाबत मी जरा कडक आहे : कोणत्या मर्यादेला लाल करायचे हे वर्षाच्या सुरुवातीला साहेबांबरोबर बसून ठरवावे, नाहीतर अडचणीच्या महिन्यात ती मर्यादा हळूच सरकते. पानाच्या तळाशी, गरज असेल तेव्हाच, एक मागणी लिहावी, उदाहरणार्थ दुसऱ्या इंटरनेट लाइनची मंजुरी, आणि ती वरच्या तीनपैकी कोणता आकडा कमी करेल हेही त्याच वाक्यात सांगावे.