सातशे पंचेचाळीसचा भाव

पंपावर आपल्या पुढच्या गाडीत पन्नासचं टाकलं, नोझल तिच्या टाकीतून काढलं अन् थेट माझ्या टाकीत. मशीनला परत टांगलंच नाही. टांगून उचललं की आकडे शून्यावर येतात, नाही तर तिथूनच पुढं पळतात, अन् नेमकं तेव्हाच पोरगा विचारतो, "कॅश का ऑनलाइन?" मी खिशात हात घातला, वर पाहिलं तर मीटर साठवर! दोनशेचं सांगितलं होतं. म्हणजे दोनशेवर थांबला असता तर मला दीडशेचंच मिळालं असतं, जवळपास अर्धा लिटर गुल.

"झिरो कुठं होता?" मी ओरडलो.

"पाह्यलं नाही का तुमी?" तो.

तेवढ्यात मागच्या लुनावरचे काका उतरले, डोक्याला दुपट्टा, हातात तंबाखूची डबी. ते मशीनवरचा घनतेचा आकडा वाचत होते. "सातशे पंचेचाळीस! बाप्पा, कायचा भाव वाढला हा?"

मी म्हटलं काका, भाव नाही, पेट्रोलची घनता आहे ती, भेसळ पाहायला. "मंग मापाचं काय?" मापाचं त्यात काहीच नाही. सातशे पंचेचाळीस दिसलं तरी लिटर कमी भरू शकतो, अन् माप पक्कं असलं तरी माल भेसळीचा असू शकतो.

"म्हंजे दुधाचं लॅक्टोमीटर!" काका खुश. झालं, रांगेतल्या सगळ्यांना तेच समजावू लागले, "अरे पाणी पाहाचं यंत्र हाय ते!" मग मलाच, "पण उन्हानं पातळ नाही का होत?" होतं ना. म्हणून तर तो आकडा पंधरा डिग्रीचा असतो. आपल्याकडं मे महिन्यात चव्वेचाळीसच्या उन्हात हायड्रोमीटर बुडवला तर आकडा कमीच येणार, तक्त्यावरून पंधराला आणावा लागतो, मग टँकरच्या चलानावरच्या आकड्याशी जुळवायचा, तीनच्या आत फरक चालतो. काका म्हणाले, "एवढं तं आमी पोरगी पाहाले गेलो तई बी नाई पाह्यलं."

मी पाच लिटरचं माप मागितलं. ते मागायचा हक्क आहे आपला, अन् त्यावर वैधमापनचा शिक्का पाहावा. मॅनेजर जेवून डकार देत आला, माप भरलं. कमी आलं, पण पंचवीस मिलीच्या आतच, तेवढं चालतं. म्हणजे मशीन साफ! मॅनेजरनं मिशीवर हात फिरवला, "पाहा, काय म्हणलं होतं?" अरे पण मी मशीनला कुठं बोललो, त्या पोराच्या हाताचं काय? शिक्का मशीनला असतो राजेहो, नोझल न टांगण्यावर कोणतं माप निघतं का? शून्य आपणच पाहावं, अन् रांग मागून हॉर्न वाजवते ती वेगळीच.

शेवटी कुरकुरत पन्नासचं टाकलं त्यानं, वर उपकार केल्यासारखं. मी तक्रार वही मागितली. वही निघाली, पेन नाही. काकांनी खिशातून पेन काढला अन् हळूच म्हणाले, "लिहा, पण माहं नाव नका टाकू बाप्पा, मले रोज इथंच या लागते."