रामाचा दगडू होताना

खानदेशातल्या कादंबरीचा नायक राम. संपादक म्हणतात, राम फार झाले, मातीतलं नाव द्या. ठीक, दगडू. नवसाच्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून ठेवतात ते नाव. वर्डमध्ये कंट्रोल-एच दाबायचं, रामच्या जागी दगडू, आणि 'रिप्लेस ऑल'.

मग केळीच्या बागेत आप्पा समोरच्याला 'दगडूदगडू' घालतात, म्हातारी दुपारी 'आदगडू' करते आणि जगण्यात काही 'दगडू' उरत नाही. ग्रामपंचायतीची तर 'ग्दगडूपंचायत' होते. आपल्याला 'ग्रा' एक अक्षर दिसतं; मशीनला ग, हलन्त, र, काना असे सुटे तुकडे दिसतात, आणि पुढच्या 'म'सकट तिला त्यात राम सापडतो.

पण खरा घोळ विभक्तीचा. 'रामाला' लिहिताना राम आधी 'रामा' होतो, मग 'ला' लागतो. दगडूचं सामान्यरूप दगडूच. मशीन राम उचलते, काना तिथेच सोडते आणि 'दगडूाला' जन्मतो: उकारावर काना, मध्ये बहुधा ठिपक्यांचं वर्तुळ. लाडाच्या राम्याचा 'दगडू्या' होतो. गंमत म्हणजे अहिराणी संवाद ठणठणीत राहतात. 'रामले सांग' चं 'दगडूले सांग', 'रामना बैल' चा 'दगडूना बैल', कारण तिथे प्रत्यय थेट नावाला चिकटलाय. लंगडतं ते प्रमाण मराठीतलं निवेदन.

'फक्त पूर्ण शब्द' वर खूण केली तर उलटा प्रकार: नुसता राम बदलतो, रामाला-रामाने जसेच्या तसे. 'दगडू उठला आणि रामाने बैल सोडले.' एका वाक्यात दोन नायक, बैल एकाचेच.

म्हणून मूळ फाइलची प्रत ठेवून क्रम असा धरावा. आधी 'रामायण' शोधून त्याजागी '##' टाकायचं, नाहीतर पुढे कीर्तनात 'दगडूयण' सुरू होईल. मग 'राम्या' चा 'दगड्या'. राम्याच्या, राम्याला आपोआप सुधारतात. त्यानंतर 'रामा' च्या जागी 'दगडू', पण शोधताना आधी एक स्पेस द्यायची आणि बदलातही द्यायची. त्या स्पेसमुळे 'आरामात' वाचतं. परिच्छेदाच्या सुरुवातीला स्पेस नसते, तिथे हे:

```
शोधा:  ^pरामा
बदला:  ^pदगडू
```

अवतरणचिन्हानंतरचे रामा वेगळे शोधावे लागतात. संवादांच्या कादंबरीत तेच जास्त निघतात.

उरला नुसता राम. इथे 'रिप्लेस ऑल' ला हात लावू नये, 'फाइंड नेक्स्ट' करत एकेक बघावा. रामले, रामना, राम आला हे बदलायचे. रामराम, रामफळ, रामनवमी सोडायचे. आणि 'म्हाताऱ्याने राम म्हटला' तर नक्कीच सोडायचा, नाहीतर तो मरायच्या ऐवजी नायकाला हाक मारेल.

शेवटी '##' चं रामायण परत करायचं आणि दोन तपासण्या: 'दगडू' पुढे काना, 'दगडू' पुढे हलन्त. दोन्ही शोधांत काही सापडलं नाही, की फाइल पाठवायची.